पाच गैरसमज चाळीस सेकंदांत बसत नाहीत

«दातांच्या डॉक्टरांचा व्हिडिओ करणं सोपं आहे. चाळीस सेकंदांत पाच गैरसमज घ्या. प्रत्येक गैरसमज आधी मोठ्या अक्षरांत दाखवा, डॉक्टर लाल फुली मारतील, मग एका ओळीत खरं काय ते सांगा. डॉक्टर बोलतायत म्हटल्यावर लोक ऐकतातच. शेवटी क्लिनिकचा पत्ता आणि या महिन्याची सवलत टाका.»

असा सल्ला व्हिडिओ करणाऱ्यांना दिला जातो, आणि सांगली, मिरज, इस्लामपूर, कराड, सातारा अशा बऱ्याच ठिकाणच्या दवाखान्यांत सध्या याच साच्याचे व्हिडिओ बनतात. साचा वाचायला सोपा आहे, पण बोलायला बसलं की तो कुठे अडतो ते लगेच कळतं. म्हणून आधी आकडे मांडू.

कॅमेऱ्यासमोर, पहिल्या ऐकण्यात समजेल असं मराठी बोलायचं तर सेकंदाला साधारण दोन शब्द होतात. आपले शब्द लांब असतात. «झिजल्यामुळे», «हिरड्यांच्याखाली» असे शब्द घाईत म्हटले की शेवटचं अक्षर गिळलं जातं. म्हणजे चाळीस सेकंदांत फार तर ऐंशी शब्द. एका ठिकाणी प्रेक्षकाला नुसतं बघू द्यायचं असेल, आणि द्यायलाच हवं, तर पंचाहत्तर. ते पाचांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा येतात. त्यातले पाच-सहा शब्द गैरसमज म्हणण्यातच जातात. उरलेल्या नऊ-दहा शब्दांत नकार बसतो, कारण बसत नाही.

काही समजुतींना एवढं पुरतं, हे मान्य करायला हवं. «वरची दाढ काढली की डोळा अधू होतो» याला «दाढेची नस वेगळी, बघण्याची नस वेगळी» एवढं उत्तर चालतं, कारण ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या डोळ्याला तसं काही झालेलं नसतं. लवंगेचंही तसंच. लवंगेनं ठणका बधिर होतो, किडलेला भाग तसाच राहतो, एवढं सांगितलं की माणूस मान डोलावतो. दुधाच्या दाढा पडणारच मग भरायच्या कशाला, याला थोडं जास्त लागतं. त्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात आणि खालून येणाऱ्या दाताची जागा राखतात, हे चित्राशिवाय डोक्यात शिरत नाही.

पण आपल्याकडे दवाखान्याच्या दारातून माणसाला परत पाठवणारी समजूत वेगळीच आहे. «क्लीनिंग केलं आन् दात हलाय लागले.» हिच्यावर लाल फुली चालत नाही, कारण सांगणाऱ्यानं ते स्वतःच्या तोंडात अनुभवलेलं असतं.

हे जवळून बघू. समजा तासगावकडच्या पन्नाशीतल्या एक काकू आहेत. खालच्या पुढच्या चार दातांच्या आतल्या बाजूला, जिथे जीभ टेकते तिथे, वर्षानुवर्षं किटण साचलंय. तिथेच जास्त साचतं, कारण जिभेखाली लाळग्रंथींची तोंडं उघडतात. लाळेतला कॅल्शियम दातावरच्या चिकट थरात मुरतो आणि तो थर दगडासारखा होतो. एकदा तसा झाला की ब्रशनं निघत नाही. त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर जंतूंचा नवा थर बसत राहतो, हिरडी सुजते, ब्रश करताना रक्त येतं. सूज खाली उतरत जाते आणि ज्या हाडात दात रोवलेला असतो ते हाड वरून झिजू लागतं. हे सगळं बहुतेक वेळा दुखल्याशिवाय होतं. दात थोडा सैल झाला तरी कळत नाही, कारण किटणानं चारही दातांना आतून एकत्र लिंपून धरलेलं असतं. मध्ये फट नाही, कारण ती किटणानं आणि सुजलेल्या हिरडीनं भरलेली आहे.

एक दिवस काकू किटण काढून घेतात, म्हणजे क्लीनिंग किंवा डॉक्टरांच्या भाषेत स्केलिंग करून घेतात. त्या रात्री जीभ सवयीनं तिथे जाते. खडबडीतपणा गेलाय. त्याच्या जागी फटी लागतात. दोन घोट पाणी प्यायलं तर कळ येते. बोट लावलं तर दात किंचित डुलतो. तिन्ही गोष्टी काल नव्हत्या, आज आहेत, आणि मध्ये एकच गोष्ट घडली. काकूंनी काढलेला निष्कर्ष त्यांच्या बाजूनं अगदी सरळ आहे. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर पांढऱ्या कोटातले डॉक्टर सांगतात, «स्केलिंगने दात हलत नाहीत», आणि फुलीचा आवाज येतो. काकूंनी कुणावर विश्वास ठेवायचा, डॉक्टरांवर की स्वतःच्या जिभेवर? त्या जिभेवरच ठेवणार, आणि जावेलाही तेच सांगणार. म्हणून नुसत्या कोटाच्या जोरावर हा व्हिडिओ उभा राहत नाही. त्यात त्यांच्या जिभेला लागलेल्या गोष्टींचं उत्तर असायला हवं.

उत्तर तीन तुकड्यांत आहे आणि तिन्ही वेगळे आहेत. फटी दिसतात कारण किटण गेलं आणि सूज उतरून हिरडी आकसली. थंड झोंबतं कारण किटणाखाली झाकलेला मुळाचा भाग उघडा पडला. ही कळ सहसा काही दिवसांत कमी होते. दात डुलतो कारण हाड आधीच झिजलं होतं आणि आधार देणारं लिंपण निघालं. सूज पूर्ण उतरल्यावर हे डुलणं अनेकदा कमी होतं. म्हणूनच डॉक्टर चार ते सहा आठवड्यांनी परत बोलावून हिरडी किती खोल सुटली आहे ते मोजतात. निरोगी हिरडीत मोजपट्टीची सळई तीन मिलिमीटरपर्यंत जाते. चार आणि त्याहून जास्त गेली की तिथे खिसा झालेला असतो आणि पुढचे उपचार लागू शकतात.

इथे डॉक्टरांनीही एक मोह टाळायला हवा. «मशीननं दाताला काहीच होत नाही» असं सरसकट वाक्य म्हणू नये. किटण काढायच्या यंत्राचं टोक सेकंदाला पंचवीस-तीस हजार वेळा थरथरतं आणि त्याच्या आघातानं किटण सुटतं. सोबत पाण्याचा फवारा असतो, टोक गरम होऊ नये म्हणून. टोकाची कड दाताला जवळजवळ समांतर ठेवून हलक्या हातानं फिरवली तर दात शाबूत राहतो. अणकुचीदार टोकच मुळावर रोखून दाबलं तर ओरखडे पडू शकतात. म्हणून «नीट केलं तर» हे तीन शब्द सोडायचे नाहीत. आणि «किटण काढलं की हलणारे दात घट्ट होतील» असं वचनही द्यायचं नाही. काही होतात, काहींचं हाड फार गेलेलं असतं.

आता पडद्यावरच्या अक्षरांकडे. गैरसमज एकदा उच्चारला म्हणजे तो पक्का होतो, अशी पूर्वी जी भीती होती ती पुढच्या तपासण्यांत तेवढी टिकली नाही. उलट आपण कुठल्या समजुतीबद्दल बोलतोय ते ऐकणाऱ्याला कळायला तो एकदा म्हणावाच लागतो. अडचण आहे ती क्रमाची आणि आकाराची. बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात आणि तीन-चार सेकंदांत पुढे सरकतात. त्या वेळात पडद्यावर काय असतं? पांढऱ्या कोटातले डॉक्टर, आणि शेजारी ठळक अक्षरांत «क्लीनिंग केल्याने दात हलतात». फुली पाचव्या सेकंदाला येते, तोवर माणूस गेलेला असतो. त्याच चौकटीचा स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर गेला तर तो डॉक्टरांचाच सल्ला वाटतो.

यावर सोपी चाचणी आहे. तयार व्हिडिओ आवाज बंद करून लावा आणि मनाला येईल तिथे दहा वेळा थांबवा. एकाही थांब्यावर गैरसमजाचं वाक्य एकटं दिसता कामा नये. त्याच्या आधी, त्याच ओळीत, «गैरसमज:» हा शब्द हवा आणि अक्षरं खऱ्या वाक्यापेक्षा लहान हवीत. पहिली चौकट खऱ्या गोष्टीची असावी, तीही नकारानं सुरू न होणारी. «दात हलत नाहीत» यातलं «नाहीत» हवेत विरतं आणि «दात हलत» तेवढं मागे राहतं. «दात हाडात रोवलेला असतो» हे वाक्य कुठेही तोडलं तरी चुकीचं होत नाही.

या सगळ्यातून चाळीस सेकंदांची जी संहिता उभी राहते ती अशी. शब्द मोजलेले आहेत, एकूण चौऱ्याहत्तर.

पहिली ओळ, नऊ शब्द, साडेचार सेकंद. डॉक्टरांच्या हातात खालच्या जबड्याचा नमुना, चेहरा आणि नमुना दोन्ही चौकटीत: «दात हाडात रोवलेला असतो. हाड झिजलं की दात हलतो.»

दुसरी ओळ, बारा शब्द, सहा सेकंद: «गैरसमज असा, की क्लीनिंगनं दात हलतात. तसं वाटतं, पण का, ते बघा.»

तिसरी ओळ, चोवीस शब्द, बारा सेकंद. इथे चेहरा सोडून कॅमेरा खाली जातो: «हे किटण, दगडासारखं. दोन-चार दात एकत्र धरून ठेवतं. पण त्याच्याखाली हिरडी सुजते, हाड झिजतं. दात आधीच सैल झालेला असतो. किटण निघालं, की ते कळतं.» यानंतर दोन सेकंद कुणी बोलायचं नाही.

चौथी ओळ, तेरा शब्द, साडेसहा सेकंद: «साफ केल्यावर काही दिवस थंड पाणी झोंबेल, सूज उतरून फटी दिसतील. घाबरू नका.»

शेवटची ओळ, सोळा शब्द, आठ सेकंद: «ब्रश करताना रक्त येतंय? हिरड्या दाखवून घ्या. झिजलेलं हाड सहसा परत येत नाही. उरलेलं वाचवता येतं.»

एकोणचाळीस सेकंद झाले. उरलेला एक श्वासाला. यात «तसं वाटतं» हे दोन शब्द जागा खातात असं वाटून कापले जातात. ते कापू नयेत. काकूंच्या जिभेला जे जाणवलं ते खोटं नाही, हे त्या दोन शब्दांत कबूल केलेलं असतं. ते ऐकलं नाही तर पुढचं कारण त्या ऐकून घेत नाहीत. «सहसा» हा शब्दही तसाच. काही ठरावीक जागी शस्त्रक्रियेनं थोडं हाड भरून आणता येतं, म्हणून डॉक्टरला तो शब्द गाळता येत नाही.

तिसऱ्या ओळीला काय दाखवायचं यावर व्हिडिओ ठरतो. ॲनिमेशनपेक्षा पांढऱ्या गॉजवर पडलेला किटणाचा खराखुरा तुकडा दाखवा, शाळूच्या दाण्याएवढा, पिवळट-करडा, एका बाजूनं दाताच्या वळणाचा ठसा असलेला. चिमट्यानं स्टीलच्या ट्रेवर टाकला की टक् असा आवाज येतो. «दगडासारखं» हा शब्द त्या आवाजावर बसवा. मग त्या दोन मुक्या सेकंदांत दोन एक्स-रे शेजारी शेजारी. एकात हाडाची कड दाताच्या मानेपाशी, दुसऱ्यात मुळाच्या मध्यापर्यंत उतरलेली, कडेवर एक रंगीत रेघ मारलेली. एक्स-रेवरचं नाव, वय, तारीख कापून टाका. तुकडा असो की एक्स-रे, ज्याचा आहे त्याची लेखी परवानगी घ्या.

द्राक्षबागेतल्या खांबाची उपमा आपल्याकडे हमखास सुचते. माती वाहून गेली की खांब हलतो, तसं हाड गेलं की दात हलतो. ऐकायला छान आहे आणि दवाखान्यात समोरासमोर बोलताना उपयोगी पडते. या व्हिडिओत मात्र ती घेऊ नये. बागेत मातीचा भराव परत घालता येतो, हे तासगावच्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. तो लगेच विचारतो, मग हाडही भरून मिळेल ना? त्याचं उत्तर द्यायला चाळीस सेकंदांत जागा नाही.

बोली डॉक्टरांची स्वतःची असू द्या, फक्त शब्द लोकांचे घ्या. किटण, हिरडी, सूज, झोंबणं. «प्लाक», «जिंजिव्हायटिस» दवाखान्यातल्या कागदावर ठीक आहेत. «क्लीनिंग» मात्र ठेवा, कारण लोक तोच शब्द वापरतात. «पायरिया»ही लोक म्हणतात, पण त्यात रक्त, पू, वास, हलणं सगळं एकत्र येतं, म्हणून इथे तो गोंधळ वाढवतो. आवाज नोंदवताना कॉम्प्रेसर आणि पंखा बंद ठेवा. फरशीच्या खोलीत आवाज घुमतो, तेव्हा फोन कॅमेऱ्यासाठी लांब असला तरी माइक कॉलरलाच हवा. खालची अक्षरं पडद्याच्या तळाशी नेऊ नका. तिथला साधारण पाचवा भाग बटणं आणि मजकुरानं झाकला जातो.

शेवटी पत्ता आणि सवलत टाकण्याबद्दल. या गैरसमजाच्या पोटात आणखी एक संशय असतो, की डॉक्टर पैशासाठी क्लीनिंग सुचवतात आणि मग हललेल्या दातांचे पुन्हा पैसे घेतात. सदतीस सेकंद कारण समजावून शेवटच्या तीन सेकंदांत «या महिन्यात क्लीनिंगवर सूट» आलं, की त्या संशयाला पुरावा मिळाला. शिवाय रुग्ण ओढण्यासाठी केलेली जाहिरात दंतवैद्यांच्या आचारसंहितेत बसत नाही. त्या जागी खूण द्या, म्हणजे रक्त येतंय तर दाखवा. कुठे, हे बघणाऱ्यावर सोडा. शासकीय रुग्णालयाचा दंत विभाग आहे, सांगलीत दंत महाविद्यालयांच्या ओपीडी आहेत, गावातला दवाखाना आहे.

खाली प्रतिक्रियांत मिश्रीचा प्रश्न येणार हे धरून चाला. «आमची आई मिश्री लावते, तिच्या हिरड्यांतून रक्त येत नाही.» मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तंबाखूतल्या निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आजार असूनही रक्त कमी दिसू शकतं. म्हणजे आपल्या शेवटच्या ओळीतली खूणच अशा तोंडात फसते. पहिल्या प्रतिक्रियेत डॉक्टरांनी स्वतः हे लिहून ठेवावं: मिश्री किंवा तंबाखू लावत असाल तर रक्त येण्याची वाट बघू नका, वर्षातून एकदा तोंड तपासून घ्या, आणि दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दिसला तर लगेच दाखवा, तंबाखूनं तोंडाचा कर्करोग होतो. हा विषय व्हिडिओत सहावा मुद्दा म्हणून कोंबू नका. त्याला स्वतःचे चाळीस सेकंद लागतात.

टाकण्याआधी दवाखान्याबाहेरच्या तीन-चार माणसांना एकदाच दाखवा आणि दुसऱ्या दिवशी एवढंच विचारा, «दात का हलतो?» «हाड झिजल्यानं» असं उत्तर आलं तर संहिता चालली. पण एक उत्तर असं येऊ शकतं जे ऐकून थांबायलाच हवं: «किटण दात धरून ठेवतं म्हणे, मग काढायचं कशाला?» हा चुकलेला प्रेक्षक नाही. त्यानं तिसऱ्या ओळीतलं दुसरं वाक्य नीट ऐकलं आणि तिसरं निसटलं. बहुतेक वेळा कारण संकलनात सापडतं. «धरून ठेवतं» वर चित्र बदललं, तिथे वाक्य संपल्यासारखं वाटलं आणि «पण त्याच्याखाली» वेगळ्या चित्रावर सुरू झालं. ती दोन वाक्यं एका श्वासात, एकाच अखंड चित्रावर हवीत: चिमटा नमुन्यातल्या दातांच्या आतल्या बाजूला किटणावर टेकलेला, आणि «पण» म्हणताच तोच चिमटा न थांबता खाली सरकून हाडाच्या कडेवर.